व्यायाम रोजचा, तरी नाडी नव्वद

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र मला काही काळापूर्वी आलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, त्यातला मजकूर इथे देतो.

"माननीय डॉक्टरसाहेब, स. न. वि. वि. माझं वय ४६. गेली सहा वर्षं माझी नाडी ८८ ते ९२च्या खाली आलेली नाही. रोज पहाटे पाऊण तास चालते, रविवारी मैत्रिणीबरोबर अजिंक्यतारा चढते. चहा दोन वेळा, बाकी कसलं व्यसन नाही. साखर नाही, बीपी नाही, वजन ५८ किलो. व्यायामाने नाडी उतरते असं सगळे सांगतात. माझ्याबरोबर चालणाऱ्या मैत्रिणीची नाडी ६६ आहे आणि ती माझ्यापेक्षा कमी चालते! दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले, शंभराच्या आत आहे म्हणजे नॉर्मल. दुसऱ्यांनी ठोके कमी करायची गोळी दिली. तिने नाडी ७२वर आली, पण जिना चढताना पाय गळून जायचे, म्हणून महिनाभराने त्यांनाच विचारून बंद केली. हल्ली किल्ल्याच्या चढावर दोनदा थांबावं लागतं, वयामुळे असेल. मी व्यायाम आणखी वाढवू का? की माझ्या हृदयातच काही दोष आहे?"

अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. हल्ली मनगटावरचं घड्याळ दिवसभर नाडी दाखवत असल्यामुळे त्यांची संख्या वाढली आहे. बहुतेकांना दोनपैकी एक उत्तर मिळतं, 'नॉर्मल आहे' किंवा 'टेन्शन घेऊ नका'. ही दोन्ही उत्तरं कधी कधी खरीही असतात. पण ती शोध घेतल्यानंतर द्यायची उत्तरं आहेत. या पत्रात तर आजाराचा पत्ता लिहिणारीने स्वतःच दिला होता, फक्त तो नाडीच्या आकड्याशेजारी नव्हता. तो कुठे होता हे कळण्यासाठी आधी नाडी ठरते कशी ते पाहू.

नव्वद ठोके येतात कुठून?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरची महाशीर जिथे उघडते तिथे, काही मिलिमीटरचा एक पेशीपुंज असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. या पेशी कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता ठरावीक अंतराने विजेचा संदेश सोडतात आणि प्रत्येक संदेशाला हृदय एकदा आकुंचन पावतं. या नोडवर दोन प्रकारच्या मज्जातंतूंचा ताबा असतो. सिंपथेटिक तंतू वेग वाढवतात, आणि मेंदूतून निघून मानेतून खाली येणारी व्हेगस नस वेग आवरते, लगाम खेचल्यासारखा.

हे दोन्ही ताबे औषधांनी तात्पुरते काढून घेतले तर नोड आपल्या अंगच्या वेगाने चालतो. तो वेग किती, हे १९७०च्या सुमारास मोजलं गेलं. ११८मधून वयाच्या साधारण ०.५७ पट वजा केलं की तो आकडा मिळतो. वय ४६ असेल तर उत्तर ९२च्या आसपास येतं. हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी स्वस्थ बसलेलं असतानाही साधारण ९० ते ११० असते, त्याचं कारणही हेच आहे. नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे आवरणारं कोणी नसतं.

म्हणजे निरोगी माणसाची विश्रांतीतली नाडी ६५–७० असते ती व्हेगसने आवरून धरल्यामुळे. नव्वद नाडी दिसली की 'हृदयाला कोण पळवतंय?' असा प्रश्न सहसा पडतो. त्याच्या बरोबरीने 'हृदयाला आवरणारी नस ढिली का पडली आहे?' असंही विचारावं लागतं. कारण शरीराला जास्त रक्तप्रवाह हवा असेल तर मेंदू आधी व्हेगसचा लगाम सैल सोडतो.

व्यायामाने नाडी किती उतरते?

स्वस्थ असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त जात असेल तर त्यासाठी सत्तर ठोके लागतात. नियमित दमश्वासाच्या व्यायामाने हृदयाचा डावा कप्पा थोडा मोठा आणि लवचीक होतो, शरीरातलं एकूण रक्तही वाढतं, आणि एका ठोक्याला जास्त रक्त जाऊ लागतं. मग तेच पाच लिटर कमी ठोक्यांत भागतं. शिवाय व्हेगसचा ताबा वाढतो. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंची नाडी पन्नासच्याही खाली जाते ती या सगळ्यामुळे, आणि वर्षानुवर्षांच्या कठोर सरावानंतर.

सामान्य माणसाच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी लागते. अमेरिका आणि कॅनडातल्या कुटुंबांना घेऊन झालेल्या 'हेरिटेज' अभ्यासात बैठ्या जीवनाची माणसं २० आठवडे देखरेखीखाली सायकल चालवत होती. त्यांची दमश्वासाची क्षमता चांगली वाढली, पण विश्रांतीतली नाडी सरासरी तीन ते पाच ठोक्यांनीच उतरली. माणसामाणसांत फरकही मोठा होता. आणि विश्रांतीतल्या नाडीचा काही वाटा आईवडिलांकडून आलेला असतो, हे जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यामुळे मैत्रिणीची ६६ आणि आपली ९० यांत व्यायामाचा हिशेब मांडण्यात फारसा अर्थ नाही. दोघींचे आरंभबिंदूच वेगळे असू शकतात.

व्यायाम किती जोराचा आहे हाही मुद्दा आहे. गप्पा मारत, न धापता केलेलं चालणं सांध्यांना, साखरेला, मनाला फायदा देतं. पण हृदयाचा एका ठोक्याचा पल्ला वाढायला चालताना बोलणं तुटक व्हावं, एका दमात पूर्ण वाक्य म्हणता येऊ नये, इतका जोर आठवड्यातून काही वेळा लागतो. बाईंचं पहाटेचं चालणं गप्पांचं होतं. पण रविवारची किल्ल्याची चढण तशी नव्हती. म्हणून 'व्यायाम कमी पडतोय' एवढ्यावर मी थांबलो नाही.

आधी मोजमाप नीट

मी त्यांना सर्वांत आधी नाडी मोजायला सांगितली. सकाळी जाग आल्यावर, उठण्यापूर्वी, अंथरुणातच पडून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर पहिली दोन बोटं ठेवून, पूर्ण एक मिनिट. लघवीची घाई असेल तर आधी जाऊन यायचं आणि पाच मिनिटं परत पडून राहायचं. असं सलग सात दिवस. मोजताना ठोके एकसारखे पडतात का, मध्येच एखादा गळतो का, तेही लिहायचं. शिवाय दिवसातून एकदा खुर्चीत पाठ टेकून, पाय खाली सोडून, पाच मिनिटं गप्प बसल्यानंतर. चहा-कॉफी, जेवण किंवा जिना चढणं यानंतर अर्धा तास तरी जाऊ द्यायचा.

हे किरकोळ वाटेल, पण इथेच निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. दवाखान्यात रांगेत उभं राहून, नाव पुकारल्यावर घाईने आत येऊन मोजलेली नाडी विश्रांतीतली नसते. ताप असेल, आदल्या रात्री झोप झाली नसेल, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं असेल, तरी आठ-दहा ठोके सहज वाढतात. घरी सकाळची नाडी सत्तरीत येत असेल आणि दवाखान्यातच नव्वद लागत असेल, तर प्रश्न बहुधा तिथेच मिटतो.

बाईंचा मिटला नाही. सात सकाळींची सरासरी ८६ आली आणि दुपारी बसून ९१. ठोके एकसारखे होते. म्हणजे आकडा खरा होता आणि तो दवाखान्याच्या धास्तीचा नव्हता.

ठोका योग्य जागेवरून निघतो का?

पुढची पायरी ईसीजी. त्यात प्रत्येक मोठ्या टोकदार लाटेच्या आधी एक छोटी, गोलसर पी लाट दिसते. ती योग्य दिशेने आणि प्रत्येक ठोक्याआधी येत असेल तर ठोका सायनस नोडमधूनच निघतो आहे असं समजतं. काही थोड्या लोकांत मात्र वरच्या कप्प्यातला दुसराच एखादा ठिपका ठोके देत असतो आणि बाहेरून नाडी फक्त 'थोडी जलद' दिसते. अशा नाडीची एक खूण अशी की ती हटवादी असते. झोपेत, बसल्यावर, चालल्यावर तिच्यात हवा तसा चढउतार होत नाही.

म्हणून ईसीजीच्या जोडीला २४ तासांचा होल्टर लावणं अशा वेळी उपयोगी पडतं. छातीवर इलेक्ट्रोड चिकटवून एक छोटं यंत्र कमरेला अडकवायचं आणि नेहमीचा दिवस काढायचा. बाईंच्या होल्टरमध्ये पहाटे तीनच्या सुमारास नाडी ६८पर्यंत उतरलेली दिसली, शाळेचा जिना चढताना १३८ झाली, मधल्या तासात वर्गात ९५–१००. सगळे ठोके सायनसचे. हा कागद पाहून मला बरंच हायसं वाटलं. व्हेगस नस शाबूत होती, रात्री ती हृदयाला आवरत होती. दिवसा मात्र शरीर तिला मोकळीक देत नव्हतं.

मधुमेह बरीच वर्षं असलेल्यांत नेमकं याच्या उलट चित्र सापडू शकतं. साखरेमुळे व्हेगसच्या बारीक तंतूंना इजा होते आणि नाडी रात्रंदिवस नव्वद-शंभरवर अडकून बसते. निरोगी माणसाची नाडी श्वास आत घेताना किंचित वाढते आणि सोडताना उतरते. मिनिटाला सहा इतक्या संथ, खोल श्वासांत हा फरक चांगला दिसतो, आणि मधुमेहाच्या इजेत तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे मधुमेह असणाऱ्याने अशी हटवादी नाडी 'नॉर्मल' म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.

पत्रातली खरी खूण

आता त्या पत्राकडे परत वळू. मला खटकलेली वाक्यं दोन होती. 'किल्ल्याच्या चढावर दोनदा थांबावं लागतं' हे एक, आणि 'गोळीने नाडी ७२ झाली, पण पाय गळून जायचे' हे दुसरं. नियमित चढणाऱ्या ४६ वर्षांच्या बाईला तीच चढण वर्षागणिक अवघड होत असेल, तर ते वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि ठोके कमी केल्यावर ताकद गेली, याचा अर्थ ते ठोके शरीराला हवे होते.

फोनवर बोलताना मी पाळीबद्दल विचारलं. त्या थोड्या अवघडल्या. मग म्हणाल्या, "सात-आठ दिवस जाते. पहिले तीन दिवस गाठी पडतात, दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. पण आमच्या घरी सगळ्यांचं असंच आहे."

मी विचारलं, "कच्चं काही खावंसं वाटतं का? माती, खडू, तांदूळ?"

त्या हसल्या. "तांदूळ निवडताना मूठभर जातातच तोंडात. आई रागवायची, आता मुलगी रागावते."

कच्चे तांदूळ, बर्फ, माती किंवा खडू खाण्याची ओढ ही शरीरात लोह संपत आल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ८.८ निघालं. बिगरगरोदर स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सीमा १२ आहे. लाल पेशींचा सरासरी आकार ६८ होता, तो ८०च्या वर असायला हवा. आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ६ होतं. १५च्या खाली गेलं की साठा रिकामा झाला असं समजतात. थायरॉइडचं टीएसएच व्यवस्थित होतं. तीन वर्षांपूर्वीचा जुना रिपोर्ट त्यांनी शोधून काढला, त्यात हिमोग्लोबिन १०.१ होतं. त्याच्याखाली यंत्राने रेघ ओढली होती, पण त्यावर कोणी काही बोललं नव्हतं.

इथे हिशेब मांडून पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. हिमोग्लोबिन १३ असेल तर एक लिटर रक्तात सुमारे १७४ मिलिलिटर प्राणवायू मावतो आणि ८.८ असेल तर ११८. म्हणजे प्रत्येक ठोक्याबरोबर पेशींकडे जाणारा प्राणवायू जवळजवळ एक तृतीयांशाने घटलेला. स्वस्थ बसलेल्या शरीराची गरज मिनिटाला २५० मिलिलिटरच्या आसपास असते, ती तरीही भागते, कारण पेशी रक्तातून नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू काढून घेतात आणि हृदय थोडं जलद चालतं. पण चढावर गरज अनेक पटींनी वाढते आणि शिल्लक अपुरी पडते. तिथे थांबावं लागतं. त्यातच गोळीने ठोकेही रोखले, तर तूट भरून काढायचा उरलेला मार्गही बंद होतो. पाय गळत होते ते त्यामुळे.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. हिमोग्लोबिन ११ असेल तर एवढ्याने विश्रांतीतली नाडी नव्वद होत नाही. सौम्य रक्तक्षयाचा परिणाम मुख्यतः श्रमात दिसतो. बाईंचीही सगळी जादा नाडी रक्तक्षयाची नव्हती. २७व्या वर्षी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेआधीच्या फिटनेसच्या कागदावर त्यांची नाडी ८० लिहिलेली होती. त्यांचा जन्मजात वेगच थोडा वरचा होता, आणि लोह कमी होत गेलं तशी त्यात भर पडत गेली. सहा वर्षं 'तेवढीच आहे' असं वाटलं, कारण शरीर हळूहळू घडणाऱ्या बदलाला सरावतं आणि आपणही.

आपल्याकडे ही शक्यता मनाच्या मागे टाकून चालणारच नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. चालायला येणाऱ्या, जिमला जाणाऱ्या बायकाही त्यात असतात.

बाकीचे संशयित

रक्तक्षय नसेल तर काय पाहायचं? थायरॉइड जास्त काम करत असेल तर वजन घटतं, हात कापतात, उकाडा सहन होत नाही. थायरॉइड कमी असल्याची गोळी घेणाऱ्यांत तिचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी हेच होतं, म्हणून त्यांनी टीएसएच ठरलेल्या वेळी तपासावं. दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, काही मानसोपचाराची औषधं नाडी वाढवतात. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटीनही वाढवतं. आपल्याकडे कित्येक बायका दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात, पण 'व्यसन आहे का' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात, कारण ते त्यांना दात घासणंच वाटतं. डॉक्टरांनी मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवं. घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकत असेल, तरीही नाडी दिवसभर चढी राहू शकते.

आणि काळजी? ती नाडी नक्की वाढवते. पण काळजीने वाढलेली नाडी झोपेत उतरते, सुट्टीत उतरते, दिवसागणिक बदलते. बाकीची कारणं तपासून झाल्यावर ते निदान करायचं, आधी नाही.

नव्वद धोक्याचे की नाहीत?

पत्रातल्या शेवटच्या प्रश्नामागे ही भीती होती. कोपनहेगनमधल्या सुमारे २,८०० मध्यमवयीन पुरुषांचा १६ वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची विश्रांतीतली नाडी नव्वदच्या वर होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, पन्नास किंवा कमी नाडी असणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं, आणि शारीरिक क्षमता सारखी धरूनही फरक उरला. हा अभ्यास वाचून अनेक जण घाबरतात. पण जलद नाडी हे तिथे कारण होतं की कशाची तरी खूण होती, हे असा अभ्यास सांगू शकत नाही.

त्याचं उत्तर दुसऱ्या बाजूने मिळतं. नोडचा वेग थेट कमी करणारं इव्हाब्रॅडिन नावाचं औषध आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या, पण हार्ट फेल्युअर नसलेल्या १९ हजारांहून अधिक रुग्णांवर ते देऊन पाहिलं. हा 'सिग्निफाय' अभ्यास २०१४मध्ये जाहीर झाला. नाडी दहाएक ठोक्यांनी उतरली, पण हृदयविकाराचे झटके किंवा हृदयामुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयाचं पंपिंग कमकुवत झालेल्या रुग्णांत हेच औषध उपयोगी पडतं, ती गोष्ट वेगळी. पण ज्याचं हृदय धड आहे त्याची नाडी केवळ आकडा सुंदर दिसावा म्हणून गोळीने खाली आणण्याला आधार नाही.

सतत जलद चालून हृदयाचा स्नायू थकतो हेही खरं आहे. पण ते सहसा आठवडे-महिने दिवसरात्र शंभराच्या बरीच वर राहणाऱ्या, बिघडलेल्या लयीत होतं. रात्री ६८पर्यंत उतरणारी बाईंची नाडी त्या प्रकारची नव्हती. त्यांचा इकोही व्यवस्थित आला.

पुढे काय झालं

सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीच्या दिवसांपुरती रक्तस्राव आटोक्यात ठेवणारी गोळी दिली. मी लोहाची एक गोळी रोज सांगितली, शक्यतो रिकाम्या पोटी, आणि चहा दोन तास लांब, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जात नाही. शौचाला काळसर होईल, घाबरू नका, हेही सांगितलं. नाहीतर लोक तिथेच गोळी सोडतात. हिमोग्लोबिन ११च्या वर जाईपर्यंत किल्ला बंद, सपाटीवर चालणं चालू.

महिन्याने हिमोग्लोबिन १०.३ झालं आणि तीन महिन्यांनी १२.४. गोळी तिथे थांबवली नाही. रक्त भरलं तरी साठा भरायला आणखी तीन महिने लागतात, आणि ही पायरी गाळल्यामुळेच रक्तक्षय उलटतो. सकाळची नाडी ८६वरून ७८वर आली. मग त्यांनी आठवड्यातून तीन दिवस बोलणं तुटेल इतक्या वेगाने चालायला सुरुवात केली. आणखी चार महिन्यांनी नाडी ७५ होती. अजिंक्यतारा आता त्या न थांबता चढतात. मैत्रिणीची नाडी अजूनही ६६ आहे आणि बाईंची तिथे जाणार नाही. जायची गरजही नाही.

पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत लोहाची कमतरता सापडली, तर मात्र नुसती गोळी घेऊन स्वस्थ बसू नये. रक्त पोटातून किंवा आतड्यातून जात असण्याची शक्यता असते. मूळव्याध, अल्सर, आणि कधी कधी आतड्याचा कर्करोगही. त्यासाठी दुर्बिणीने तपासणी करावी लागते.

तुमचीही नाडी वर्षानुवर्षं नव्वदच्या घरात असेल, तर डॉक्टरांकडे जाताना एक कागद लिहून न्या. सात सकाळींची अंथरुणातली नाडी, पूर्वीच्या कुठल्याही रिपोर्टवरची जुनी नाडी, घेत असलेली सगळी औषधं, तंबाखू-मिश्री, पाळी किंवा मूळव्याधीचा रक्तस्राव, आणि गेल्या दोन वर्षांत कुठलं काम पूर्वीपेक्षा अवघड झालं ते. त्यांना ईसीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच आणि साखर एवढ्या तपासण्यांबद्दल विचारा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, ठोके अनियमित होणं किंवा स्वस्थ बसूनही नाडी १२०च्या वर राहणं, यांपैकी काही असेल तर कागद लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ठोके कमी करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने अचानक बंद करू नका. आणि सगळं तपासून काहीच निघालं नाही, रात्री नाडी उतरते, दम पूर्वीइतकाच आहे, तर ती तुमची नेहमीची नाडी आहे. मग घड्याळाकडे पाहणं सोडा आणि व्यायाम चालू ठेवा.